चुकीच्या पत्त्यावर गेलेला नकार

विशाखा शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये किडनी प्रत्यारोपणाची समन्वयक होती. कागदपत्रं, तपासण्या, समितीच्या तारखा हे तिचं काम. त्याहून मोठं काम म्हणजे किडनी द्यायला आलेल्या माणसाशी एकटं बोलणं. घरच्यांना बाहेर बसवून ती दार लावायची आणि विचारायची, "तुम्हाला मनापासून द्यायचीय का? नाही म्हणालात तर कारण या खोलीबाहेर जाणार नाही."

पडेगावची सत्यभामा भाऊ कडुबासाठी आली होती. कन्नडला किराणा दुकान चालवणारा कडुबा वर्षभर डायलिसिसवर होता. थोरला भाऊ राजेंद्र स्वतः द्यायला तयार होता, पण त्याला शुगर. उरली ही एकच बहीण.

सत्यभामा पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, मला नाय जमायचं. लेकरं लहान हायेत. लई भ्या वाटतं. पण राजेंद्रदादाला कळू देऊ नका. त्यानंच मला लहानाची मोठी केली."

"नाही कळणार," विशाखा म्हणाली.

अशा वेळी घरच्यांना फक्त एवढंच सांगतात, की या व्यक्तीची किडनी घेता येणार नाही. खरं कारण डॉक्टरांपुरतं राहतं. विशाखानं तसा मेल लिहिला, 'डोनरची इच्छा नाही, भीती वाटते, कुटुंबाला कारण सांगू नये.' तो जायचा होता किडनीच्या डॉक्टरांना, त्यांचंही नाव राजेंद्रच. तिनं नावाची पहिली अक्षरं टाईप केली, खाली नाव आलं, ती दाबून मोकळी झाली. ते नाव कडुबाच्या भावाचं होतं. त्याचे रिपोर्ट त्याच पत्त्यावर जायचे.

पाठवलेल्या मेलवर सहज नजर गेली आणि तिला वरचा पत्ता दिसला. तिनं लगेच फोन लावला.

"राजेंद्रभाऊ, मी हॉस्पिटलमधून विशाखा. आत्ता तुम्हाला एक मेल चुकून आलाय, तो तुमच्यासाठी नव्हता. उघडू नका. उघडला असेल तर कुणाला दाखवू नका, पुढं पाठवू नका. डिलीट करा, मग ट्रॅशमधूनही काढा."

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"वाचला मॅडम," तो म्हणाला. "करतो डिलीट."

"माझी चूक आहे. झालं की एक ओळ लिहून कळवाल?"

"व्हय."

थोड्या वेळानं त्याची ओळ आली, 'काढून टाकला. कुणाला पाठवला नाही.'

आता ही गोष्ट त्या दोघांतच राहिली असती. खुर्चीत बसल्या बसल्या विशाखाच्या मनात तसं आलंही. पण सत्यभामा घरी जाईल, त्याला कळलंय हे माहीत नसतानाच भावासमोर बसेल, हे तिला सोसवेना. ती विभागप्रमुख सुलेखा मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुणाकडं गेला? फोन कधी केलास? त्यानं लेखी कळवलंय?" उत्तरं ऐकून म्हणाल्या, "मला आत्ताच लिहून दे. काय झालं आणि काय केलंस, एवढंच. तिचं नाव आणि कारण पुन्हा लिहू नकोस. वर मी कळवते. आणि तिला आज आपणच सांगायचं."

निरोप मिळाल्यावर सत्यभामा दुपारी परत आली. विशाखानं झालेलं सांगून माफी मागितली. सत्यभामा रडली नाही. तिनं पदर सावरला.

"म्हंजी दादाला कळलं. मग घ्या माझी किडनी. आता नाय म्हणून कुठं तोंड दाखवू?"

मॅडम म्हणाल्या, "बाई, अशी नाही घेता येत. तुम्ही मनातलं बोललात, तेच आम्ही धरणार."

"तुमीच सांगितलं, तुमीच घेत नाय," सत्यभामा एवढंच म्हणाली आणि गेली.

विशाखाला लेखी समज मिळाली. रुग्णांची माहिती मेलवर पाठवणं बंद झालं, ती हॉस्पिटलच्या सिस्टिममध्येच भरायची असं ठरलं. कडुबाचं नाव मृत्यूनंतर दान झालेल्या किडनीसाठीच्या प्रतीक्षा यादीत लागलं.

राजेंद्र त्याला डायलिसिसला आणत राहिला. त्यानं कडुबाला काहीच सांगितलं नव्हतं. "ताईची किडनी जुळली नाय," असं कडुबा स्वतःच सगळ्यांना सांगे. दिवाळीनंतर एकदा विशाखानं राजेंद्रला धीर करून विचारलं, "सत्यभामाताई कशा आहेत?"

तो पाण्याची बाटली भरत होता. "भाऊबीजेला आली नाय. मीच गेलो पडेगावला. चहा दिला तिनं, पण बसली नाय समोर." त्यानं नळ बंद केला. "तिनं नाय म्हटलं, त्याचा राग नाय मॅडम. मला सांगायला ती भ्याली, हे वाचलं ना मी. तेवढं काय डिलीट होईना."

आत कडुबानं हाक मारली. राजेंद्र बाटली घेऊन गेला.