पंचेचाळीस किलोंची अट

कॉलेजच्या रक्तदान शिबिरासाठी स्वयंसेवक हवेत, अशी पोस्ट मी वर्गाच्या ग्रुपवर टाकली. सकाळची पाळी नऊ ते बारा, दुपारची बारा ते तीन. खाली पात्रता लिहिली: वय किमान अठरा, वजन किमान पंचेचाळीस किलो. ही अट रक्तदात्यांसाठी आहे, एवढं लिहायचं मात्र राहून गेलं.

शिबिराच्या सकाळी माझी बारीक मैत्रीण आली ती थेट वजनकाट्यावर चढली. काटा चव्वेचाळीसवर थांबला.

"सहा केळं खाईसन उनू, तरी एक किलो कमी शे," ती रडवेली होऊन तिच्या अहिराणीत म्हणाली.

"रक्त देणार होतीस?"

"नही, चहा वाटाले उनू."

मी तिच्या हातात किटली दिली आणि वर्गातल्या बाकीच्या बारीक पोरींना फोन लावत बसले.