परतीच्या कामांचा आठवडा

आमच्या स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल दुपारी बारापर्यंत धाकटीचं असतं. धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या धाकट्या दिरांची बायको. दीर गेले त्याला आता तीन वर्षं होतील. ती कानाला हेडफोन लावून बसते आणि मी तिच्या पाठीमागे भाजी चिरते. बोलायचं झालं तर आधी तिच्या खांद्याला हात लावावा लागतो, नाहीतर दचकते.

तिचं काम असं. कॉलेजांतली व्याख्यानं ध्वनिमुद्रित होतात, आणि ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मशीन त्या बोलण्याचा मजकूर करून देतं. मशीन चुका फार करतं. माणसानं ऐकून त्या दुरुस्त करायच्या. कामं सगळी एका रांगेत उभी असतात. तुम्ही जितकी मागाल तितकी रांगेतून तुमच्याकडे सरकतात. मात्र आयत्या वेळी मागून चालत नाही. पुढच्या सहा आठवड्यांत कुठल्या आठवड्याला किती तास करू शकाल, ते आधी भरून ठेवायचं. त्याला ते लोक क्षमता म्हणतात. जवळचे दोन आठवडे कुलूपबंद असतात, त्यात फेरफार नाही. भरलेलं पार पाडलं तर भरवसा वाढतो आणि माणूस पहिल्या रांगेत राहतो. पार पाडलं नाही तर खालच्या रांगेत जातो. तिथे उरलंसुरलं मिळतं.

हे सगळं तिनेच मला समजावून सांगितलं होतं. मी म्हटलं, "अगं, हे तर पाहुण्यांसारखंच झालं. किती माणसं जेवायला घालू शकशील ते आधी सांग."

"हो ना ताई," ती म्हणाली. "फक्त हे पाहुणे आपलं आपण वाढून घेत नाहीत."

दुसरीकडे तिची परीक्षा होती. तिने लग्नाआधी प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा अभ्यासक्रम पुरा केला होता. रक्त, लघवी, थुंकी, सगळं. नोंदणीची परीक्षा दिल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही, आणि ती ठरावीक वर्षांच्या आत पास व्हावी लागते. मागच्या खेपेला तिने अर्ज भरला होता तेव्हा दीर दवाखान्यात होते. परीक्षेच्या सकाळी ती त्यांच्या उशाशी बसली होती. आता ही शेवटची खेप. ही गेली की अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून.

मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, तिला एकदाच विचारलं होतं, "ते कानात घालायचं काम सोडून देतेस का दोन महिने? घर चालतंय."

"चालतंय, पण मीही चालवते आहे ना त्यात," ती म्हणाली. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

परीक्षेला सहा आठवडे उरले त्या रविवारी तिने भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि टेबलावर पसरलं. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला तिला चार तास लागतात, बोलणारा तोंडात घास धरून बोलत असेल तर सहा. हे तिने आधीच मोजून ठेवलं होतं. आठवड्यातला एक दिवस तिने रिकामा सोडला, "कुणी ना कुणी आजारी पडतंच" म्हणून. पहिले चार आठवडे भरगच्च काम, त्यातले दोन तर आधीच भरून कुलूपबंद झालेले, पाचव्यात निम्मं, परीक्षेच्या आठवड्यात शून्य. अभ्यास उलटा, सुरुवातीला थोडा आणि शेवटी सगळा दिवस. रक्तपेढीचा भाग तिला सगळ्यात जड जायचा. तो तिने मुद्दाम शेवटच्या आठवड्यासाठी ठेवला होता, डोक्यात ताजा राहावा म्हणून.

मामंजी चष्मा सावरून बघत होते. "लग्नाचा मुहूर्त काढतेस की काय गं?"

"काढते आहे मामंजी. नवरा मात्र सूक्ष्मदर्शक आहे."

ते हसले. मीही हसले. दीर गेल्यापासून या घरात तिच्या तोंडून थट्टा ऐकू आली नव्हती.

चार आठवडे घड्याळासारखे गेले. सकाळी टेबल, दुपारी पुस्तक. मी तिच्या वाट्याची भांडी घासली तर ओरडायची, म्हणून ती आंघोळीला गेली की मी घासायची. पाचव्या आठवड्यात तिने हेडफोन अर्धा दिवसच लावले. शनिवारी तिने ते गुंडाळून कपाटात ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता आठ दिवस मी फक्त रक्ताची."

सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडला तो केवळ जुन्या प्रश्नपत्रिका बघायला. मी कणीक मळत होते. खूप वेळ बटणांची टकटक ऐकू आली नाही म्हणून वळून पाहिलं. ती पडद्याकडे बघत नुसती बसली होती.

"काय झालं?"

"परत आलीत."

"कोण?"

"कामं. अकरा."

आपण दिलेलं काम तपासनीस तपासतो, आणि त्याला चूक दिसली तर ते ज्याचं त्याच्याकडे परत येतं. एरवी आठवड्याभरात येतं, एखाददुसरं. पण तपासनिसांकडे कामं तुंबली होती. तिच्या भरगच्च आठवड्यांची सगळी एकदम तपासली गेली आणि चुकलेली सगळी एकदम तिच्या दारात आली. दोन दिवसांत परत दिली नाहीत तर सोडून पळाली अशी नोंद.

"पण तू तर शून्य भरलं होतंस," मी म्हटलं.

तिने काम वाटणाऱ्या बाईंना फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला होता. बाई गोड बोलणाऱ्या होत्या, पण नियमाला पक्क्या.

"शून्य भरलं की नवीन येत नाही, ताई. परत आलेलं तुमचंच असतं. ते क्षमतेत धरत नाहीत."

"माझी शनिवारी परीक्षा आहे."

"अहो, मग परतीची कामं दुसऱ्याकडे वळवायची सोय आहे की. तो रकाना भरायचा राहिला तुमचा. आता आठवडा कुलूपबंद झाला, माझ्या हातात काही नाही."

फोन ठेवल्यावर ती कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "ताई, मी करायचं तेवढं मोजलं. निस्तरायचं मोजलंच नाही. आणि आधी जास्त केलं म्हणून परतही जास्त आलं. मीच ते या आठवड्यात आणून ठेवलं."

तिने कपाटातून हेडफोन काढले. दुपारी जेवायला उठली नाही. मी ताट नेऊन ठेवलं ते तसंच राहिलं. रक्तपेढीचं पुस्तक ताटाशेजारी मिटलेलं होतं. चार वाजता मी खांद्याला हात लावला.

"किती झाली?"

"तीन."

"आणि उरलेली?"

"उद्या रात्रीपर्यंत होतील. मग बुधवार ते शुक्रवार अभ्यास."

"तुला हा भाग पाच दिवस लागणार होता. तूच म्हणाली होतीस."

"मग काय करू? टाकून देऊ?" तिचा आवाज चढला. दारात मामंजी उभे होते, तेही मागे सरकले. "ते गेले ते सगळं अर्धं ठेवून. घराचं, माझं, स्वतःच्या औषधांचंसुद्धा अर्धं पाकीट राहिलं. मी ठरवलं होतं, माझ्या हातून काही अर्धं राहायचं नाही."

मी ताट उचललं आणि आमटी पुन्हा गरम करायला ठेवली. संध्याकाळी मी देवापुढे बसले तेव्हा ती मागे येऊन भिंतीला टेकून बसली. ती देवदेव फारशी करत नाही. मी डोळे उघडले तशी म्हणाली,

"ताई, तुम्ही रोज इथे बसून करता तरी काय?"

"जे माझ्याच्यानं होण्यासारखं नाही ते त्याच्या हाती देते."

"आणि मग?"

"मग उठते नि भाजी फोडणीला टाकते."

ती थोडी हसली. मग उठून टेबलाशी गेली.

मला वाटलं पुन्हा हेडफोन लावेल. तिने लावले नाहीत. उरलेली आठ कामं एकेक उघडून तपासनिसाचे शेरे आधी वाचले. पाचांत किरकोळ होतं, एखादा शब्द, एखादं नाव, कुठे वक्ता बदलल्याची खूण राहिलेली. ती तिने तासाभरात उरकून दिली. तीन मात्र मुळापासून ऐकावी लागणार होती. एक दिवस तरी गेलाच असता.

"ही धरून ठेवली तर उद्या रात्रीपर्यंत कुणालाच मिळणार नाहीत," ती म्हणाली. "जमत नाही म्हणून आपणहून सोडायचं बटण आहे. आत्ता सोडली तर आत्ता दुसऱ्या कुणाला जातील. ऐकू न येणारी पोरं वाट बघत असतील. त्यांना कुणी केलं याच्याशी काय घेणं?"

"आणि तुझा भरवसा?"

"घसरेल. पळून गेल्यापेक्षा कमी, पण घसरेल."

सोडण्याआधी तिने प्रत्येकात पुढच्या माणसासाठी दोन ओळी लिहिल्या, कुठपर्यंत ठीक आहे आणि कुठून आवाज फाटतो ते. बटण दाबताना तिचा हात थांबला. मी मुद्दाम पाठ फिरवून लसूण सोलत राहिले. तीन वेळा बारीक टक् असा आवाज आला. मग पुस्तकाचं पान उलटलं.

शनिवारी मामंजी तिला सोडायला रिक्षापर्यंत गेले, काठी टेकत. ती बसल्यावर म्हणाले, "पेन आहे ना?"

परीक्षेनंतरच्या आठवड्यात ती खालच्या रांगेत गेली. मशीनलासुद्धा न समजलेले, टाळ्या आणि खुर्च्यांच्या आवाजांनी भरलेले तुकडे तिच्या वाट्याला यायला लागले. तिने ते मुकाट्याने केले. तिसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला की सोडलेली तिन्ही कामं त्या मंगळवारी सकाळीच कुणी पुरी केली होती. धाकटीने तो निरोप मला दोनदा वाचून दाखवला.

निकाल लागला तेव्हा ती दारात उभी राहून फोन बघत होती. मामंजी आतून ओरडले, "मोठ्यानं वाच, मला ऐकू येत नाही!"

"पास," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "पास झाले मामंजी!" आणि उंबऱ्यावरच खाली बसली. रक्तपेढीत काठावर होती. बाकी चांगले होते. मी देवापुढे साखर ठेवली.

महिन्याभरात जवळच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, कधीपासून येता? तिने कॅलेंडर खाली काढलं. आता त्यात प्रत्येक भरलेल्या आठवड्यानंतरचे दोन आठवडे फिक्या पेन्सिलीने आखलेले होते. ते परतीचे.

"पुढच्या महिन्याच्या शेवटी," ती म्हणाली.

फोन ठेवताच मामंजी म्हणाले, "अगं, नोकरी देणाऱ्याला ताटकळत ठेवतेस?"

"दोन कुलूपबंद आठवडे झाले की नवीन घेणं बंद, मामंजी. पण दिलेलं परत येईल ना. ते येईल तेव्हा मी उठून गेलेली, असं नको."

शेवटचं परतीचं काम रुजू व्हायच्या दोन दिवस आधी आलं. कुणा प्राध्यापकाचं खोकत खोकत दिलेलं भाषण, चूक एकाच वाक्यात. तिने ते दोनदा ऐकलं, दुरुस्त केलं, पाठवलं. हेडफोन पुसून डब्यात ठेवले. मग टेबलही ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "ताई, घ्या, तुमचं टेबल."

मी त्यावर भाजी निवडायला बसले. बोलायच्या आधी सवयीने हात अजून तिच्या खांद्याकडे जात होता.