काळ्या चौकटीतली किशोरी

किशोरी, सोसायटीच्या नोटीसबोर्डावर तुझा फोटो पाहिला आणि माझ्या हातातली पिशवी जिन्यात पडली. जाड काळी चौकट, हसरा फोटो, खाली ठळक अक्षरांत ‘श्रीमती किशोरी सत्यवान परब’. मी सकाळीच कुणकेश्वरला जाऊन नुकती परतीच्या एसटीतून उतरले होते. आदल्याच दिवशी तू माझ्याकडे सोलकढी पाठवली होतीस. चौकटीला वॉचमन शिवाने झेंडूची माळसुद्धा घातली होती.

कागदाच्या तळाशी फोन नंबरच्या पट्ट्या होत्या. एक फाडून तळमजल्यावरच्या सुदेशने माझ्यासमोरच फोन लावला आणि दबक्या आवाजात विचारलं, "किती वाजता नेतले?"

पलीकडून तूच बोललीस. "कोणाक नेतले? मी किशोरी बोलतंय."

सुदेश पायरीवर बसला. मी वर आले, तू लसूण सोलत दार उघडलंस, आणि मी आधी तुझा हात चाचपला.

मग आपण खाली आलो आणि मी चष्मा लावून ती नोटीस वाचली. नावाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘आजारी माणसाजवळ सोबतीस बसते.’ सासूचं अंथरुणातलं सगळं तू वर्षानुवर्षं केलंस, मग सत्यवानचं. आता काम मिळालं नाही तर आरोंद्याला भावाकडे, वहिनीच्या हाताखाली जायचं, हे ठरलेलं. आणि कामाची ओळच दिसू नये! झेरॉक्सवाल्याने त्याच्याकडची तयार चौकट वापरली होती. त्याच्याकडे श्रद्धांजलीचेच कागद जास्त निघतात.

"बाई, फोटो बरो इलो म्हणून मोठो केलो," तू म्हणालीस. मी रागावले. लोकांना तुझा चेहरा नको होता, त्यांची अडचण दिसायला हवी होती.

दुसरी नोटीस आपण माझ्या टेबलावर केली. चौकट नाही, फोटो नाही. सगळ्यात मोठं, जिन्यातून वाचता येईल असं: ‘आजाऱ्याजवळ सोबत हवी?’ त्याखाली मध्यम अक्षरांत दिवस की रात्र, कुठपर्यंत येशील. नाव त्याहून लहान. पट्ट्यांवर आडवे नंबर मावेनात, म्हणून उभे लिहिले. आणि नुसता नंबर नाही, ‘सोबत – किशोरी’ हेही, कारण खिशातला नुसता नंबर दोन दिवसांनी कोणाचा ते आठवत नाही. पट्ट्यांच्या मधल्या रेघा कात्रीने कापल्या, वरचं टोक जोडलेलं ठेवून. पिना फक्त वरच्या दोन कोपऱ्यांत, पट्ट्या मोकळ्या लोंबत. एक पट्टी मीच फाडली, म्हणजे पुढच्याला संकोच नको.

संध्याकाळी मसुऱ्याहून फोन आला. आपल्या सोसायटीत आईला भेटायला आलेल्या कोणीतरी पट्टी नेली होती. मग दुसरा, मग रात्रपाळीचा. भावाला तू ‘येत नाही’ असं सरळ कळवलंस.

जुना कागद घरात ठेवणं तुला अभद्र वाटत होतं. रविवारी दोघींनी जेटीवर जाऊन तो समुद्रात सोडायचा, असं ठरलं. त्या रविवारी तू मसुऱ्यात कामावर होतीस, पुढच्या रविवारी कट्टा गावात. कागद माझ्या कपाटात आहे, अजून झेंडूच्या माळेसकट.