चहात गेलेलं दूध

माय गेली त्या दिवशी गोठ्यातली वगार चार दिवसांची होती. मायने तिला पहिला चीक पाजला, नाळेला हळद लावली, आणि पाचव्या दिवशी सकाळी माय स्वतःच उठली नाही. पौषातली थंडी होती. आमच्या गोंदियाकडे विदर्भातली सगळी थंडी आधी उतरते. धानाच्या बांध्यांवर सकाळी नऊपर्यंत धुकं बसून असतं आणि म्हशीच्या पाठीतून वाफ निघते.

म्हशीच्या पिल्लाला थंडी फार लागते. अंगावर केस विरळ, कातडीखाली चरबी नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मायने वाचलं नव्हतं, पण दर हिवाळ्याच्या तोंडावर ती तागाच्या जुन्या पोत्यांच्या झुली शिवायची. आतून लुगड्याचं अस्तर, छातीवर एक बंद, पोटाखाली एक. संध्याकाळी उन्हं कलली की झूल घालायची, सकाळी ऊन चढलं की काढून तारेवर वाळत टाकायची. ओली झूल पिल्लाच्या अंगावर राहू देणं तिला उष्टं ताट कपाटात ठेवण्यासारखं वाटे. दोन झुली होत्या, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरी. शेवटच्या दोन दिवसांच्या आजारात दोन्ही तिच्या खाटेवर उशाशी होत्या. एकीचा बंद तुटला होता, तो तिला लावायचा होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण गावाबाहेर नाल्याजवळ टाकायची आमच्याकडे रीत आहे. दादाने, माझ्या मोठ्या भावाने, खाटेवरचं सगळं एका कवेत उचललं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अवं, त्या झुली वगारीच्या आहेत. त्या तरी ठेवा."

दादाने मामाकडे पाहिलं. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. माय गेल्याच्या दुपारी तो मोटारसायकलवर आला आणि अंगणातल्या उन्हात खाट टाकून जो बसला तो उठलाच नाही. स्वतःच्या म्हशी त्याने कधीच्या विकल्या होत्या. त्यामुळे म्हशींविषयी त्याला आता सगळं ठाऊक होतं.

"मेलेल्या बाईच्या खाटेवरचं घरात ठेवून राहिले काय? कोनी ठेवते काय?" मामा म्हणाला. "वगारीले मी देतो ना बांधून. त्याच्यात काय येवढं."

झुली नाल्याकडे गेल्या. मला बोलायला हवं होतं. माय बसायची त्या पायरीवर मी बसून होते आणि तिथून न उठणं म्हणजे शोक करणं, असं मला त्या दिवसांत वाटत होतं.

मामाने युरियाचं रिकामं पोतं आणलं, प्लॅस्टिकचं. त्याला चार भोकं पाडून सुतळीने वगारीच्या पोटाला आवळलं. पोत्यावर खताच्या कंपनीचं हिरवं चित्र होतं. वगार त्यात एखाद्या दुकानात पाठवायच्या मालासारखी दिसत होती. येणारे-जाणारे थांबून बघत आणि मामाच्या हुशारीला माना डोलावत. मग त्याला हुरूप आला. मांडवाच्या ताडपत्रीने त्याने गोठ्याच्या चारही बाजू बंद करून टाकल्या. माय फक्त उत्तरेची बाजू झाकायची, वारा तिकडून येतो म्हणून. आणि खाली तनशीऐवजी राईस मिलमधला भुसा पसरला.

"तनस कायले नासवता?" त्याने वहिनीला सांगितलं. "भुसा फुकटचा आहे."

धानाची तनस, म्हणजे मळणीनंतरचा पेंढा, गुडघाभर पसरली की पिल्लू तिच्यात पाय पोटाशी घेऊन रुतून बसतं आणि पाय झाकले जातात. ऊब त्यातच असते. भुसा वरून कोरडा दिसतो, मूत खाली तसंच साठतं आणि पिल्लू बसलं की ओल पोटाला लागते. माय दोन्ही वेळेला बिछान्यावर गुडघा टेकायची. लुगडं ओलं झालं तर तनस बदलायची. मामा गुडघा टेकणाऱ्यांतला नव्हता. तो खाटेवरून गोठा सांभाळत होता.

मग दूध. दुखवट्याला माणसं येतात तेव्हा चहा करावाच लागतो. सौंदडकडची आली, तिरोड्याची आली, दादाचे सासरचे दोनदा आले. प्रत्येक टोळीला चहा, आणि मामाला प्रत्येक टोळीबरोबर. माय थंडीच्या लाटेत वगारीला दोन सडं पूर्ण सोडायची आणि दुपारी तिसऱ्यांदा पाजायची, कारण अंग तापवायला पिल्लाला जास्त दूध लागतं. आता दादा चारही सडं निपटून काढत होता. वगारीला पान्हा सोडायला पुढे करायचं, दोन घोट झाले की ओढून बाजूला बांधायचं. दुपारचं पाजणं कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

आणि तो चहा पिता पिता माणसं म्हणत, "बाईचा हात होता बरं जनावरावर. अशी बाई होनार नाही." फुर्र करून बशी संपवत. मी त्यांच्या मिशांवरची साय बघत असे. मायच्या हाताविषयी जे इतकं बोलत होते त्यांपैकी एकानेही ताडपत्री बाजूला करून आत डोकावलं नाही.

वहिनी मात्र बघत होती. एरवी म्हैस तीच दुहायची. डेअरीला दूध तीच घालते. वगार गेली तर म्हैस पान्हा चोरेल आणि हिवाळाभर गोठ्यात नुसतं शेण राहील, हे तिला कळत होतं. दादालाही कळायला हवं होतं. पण अंगणात माणसं असली की दादा मोठा होतो, आणि मोठ्या माणसाला गोठा दिसत नाही.

आठव्या दिवशी सकाळी वगार उठली नाही. मी गोठ्यात गेले तेव्हा आत मुताचा वास डोळ्यांत चढत होता. वगार भुशात आडवी होती. पोत्याखाली हात घातला तर आत सगळं ओलं, जणू पावसात उभं केलेलं. कान बर्फासारखे. तोंडात बोट घातलं, तोंडही गार. बोट चोखलं नाही.

मामा आला. त्याच्यामागे दादाचे सासरे आणि दोन पाहुणे, हातात कप. मामाने गुळाचं गरम पाणी बाटलीत भरून आणायला लावलं.

"धर गा, मान वर कर हिची," तो दादाला म्हणाला. "घशात गेलं की उठतेच."

"ओतू नका," मी म्हणाले. आठ दिवसांत एवढ्या माणसांसमोर मी पहिल्यांदा बोलले. "ती गिळत नाही. पाणी फुफ्फुसात जाईल."

"बाई, तू पुस्तकातली. आमी जनावरातले."

"तुमच्याकडे जनावर कुठे आहे, मामा?"

एका पाहुण्याला ठसका लागला. मामाने बाटली खाली ठेवली नाही, पण उचललीही नाही. मी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. डॉक्टर दुपारपर्यंत येऊ शकत नव्हते. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. आधी कोरडं करा, गरम करा. बोट चोखेपर्यंत तोंडात काही घालू नका. चोखायला लागली की आईचं दूध द्या, अंगाइतकं कोमट, थोडं थोडं. हवा खेळू द्या.

"हेच तर मी सांगून राहिलो होतो," मामा म्हणाला.

वहिनीने विळ्याने सुतळी कापली. आम्ही दोघींनी वगारीला उचलून अंगणात आणलं, आणि ऊन फक्त मामाच्या खाटेवर होतं, म्हणून ती खाट बाजूला केली. तनस टाकली, भरपूर, खाटेच्या उंचीची. तनशीच्या मुठींनी तिचं अंग घासलं, पाठ, पोट, पाय, केस उभे राहीपर्यंत. धान भरायची तागाची दोन पोती वहिनीने कोठीतून काढली, धान जमिनीवर ओतून. पाहुण्यांच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरलं, फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या कुशीला लावलं. गार झाल्या की बदलल्या. दादाचे सासरे उन्हातून सरकून सावलीत बसले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, की मायच्या मरणापेक्षा हा प्रकार त्यांना जास्त लागला असावा.

दीड तासाने तिने माझं बोट ओढलं. आधी नुसती जीभ हलली, मग टाळू आणि जिभेत बोट धरून ठेवलं. मी वहिनीकडे पाहिलं. तिने बादली धुवायला घेतली.

दादा म्हणाला, "थोडं चहाले ठेवजो. तुझे बाबा आले आहेत."

"काहीच नाही ठेवणार," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. "वगार मेली तर उद्यापासून तसाही बिनदुधाचा काराच चहा आहे. आजपासून सवय करा."

मामा हसला. "बायकोच्या हातात गोठा दिला की असंच होते गा."

कुणाची बाजू घ्यावी हे दादाला ठरवता येत नव्हतं, आणि तोपर्यंत दूध निघालं होतं. ताजं काढलेलं दूध अंगाइतकंच गरम असतं. वहिनीने ते थोडं थोडं हाताच्या ओंजळीत धरलं, माझं बोट मध्ये, आणि वगारीने ते चोखलं. दर वेळी पावशेरभर, मग थांबायचं. पाहुण्यांना काळा चहा गेला. दोन कप तसेच राहिले, त्यांवर माश्या बसल्या.

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी छाती ऐकली, सुई टोचली, छातीत कफ धरला आहे पण वेळेवर कोरडी केलीत, म्हणाले. मग गोठ्यात डोकावून नाक दाबलं.

"हे चारी बाजूंनी कोणी बांधलं?"

अंगणात इतकी माणसं होती, पण कुणालाच आठवेना. मामा मोटारसायकलची हवा तपासत होता. मी ताडपत्रीच्या तीन बाजूंच्या दोऱ्या सोडल्या आणि उत्तरेची राहू दिली.

चार वाजता वगार मागच्या पायांवर उठली, पुढे कोसळली, पुन्हा उठली आणि डुगडुगत उभी राहिली. वहिनीने तिला म्हशीकडे नेलं. म्हशीने तिला नाकापासून शेपटीपर्यंत चाटलं.

तेराव्याच्या जेवणाला मामा पंगतीत सांगत होता की वगार गेलीच होती, त्याने गुळाच्या पाण्यावर उठवली. ऐकणारे माना डोलावत होते. त्यांतल्या दोघांनी त्या दिवशी काळा चहा टाकून दिला होता. मी वाढत होते. मला ते खोडून काढावंसं वाटलं नाही. खोडावं अशी ती माणसंच नव्हती.

जेवणं झाल्यावर त्याने वहिनीला हाक मारली, "सूनबाई, निघण्याच्या आधी चहा होऊन जाऊ दे. दुधाचा."

वहिनी गोठ्यात होती. म्हशीची दोन सडं काढून झाली होती. बादली बाजूला ठेवून तिने वगारीचा दोर सोडला, आणि वगार उरलेल्या दोन सडांना ढुसण्या देत, शेपूट हलवत पीत राहिली. वहिनीने बादलीतलं सगळं दूध डेअरीच्या कॅनमध्ये ओतलं आणि झाकण लावलं. मामा बराच वेळ वाट बघत बसला, मग मोटारसायकलला किक मारून गेला.