पहिल्या दिवशीचं चीज

अँडीजच्या डोंगरवाटांवर माणसं नेणाऱ्या अनीबालचा नियम कडक होता. वर सरपण मिळत नाही, म्हणून पाठीवर न शिजवता खाता येणारं, हलकं आणि टिकणारं तेवढंच घ्यायचं: भाजलेल्या जवाचं पीठ, गूळ, भाजलेला मका. ताजं चीज मात्र पहिल्याच दिवशी संपवायचं. उरलेलं तो शिव्या देत फेकायला लावायचा.

तिसऱ्या दिवशी सगळे थंड पाण्यात पीठ कालवत असताना आंबूस वास सुटला. पुतणी रोसाउरा अनीबालच्याच पिशवीत डोकावली. "काका, तुमचंच की हो! बुरशी आलीय, फेका."

"मी काय आंधळा आहे?"

गेल्याच आठवड्यात वारलेल्या त्याच्या बायकोच्या हातचं ते शेवटचं चीज होतं.

अनीबालने दगड बाजूला सारून ते पुरलं. मग सगळ्यांवर खेकसला, "बघता काय? पीठ खा. पहिल्या दिवशी भूकच नव्हती मला."