विमान बघत भरवलेले घास

आमच्या गावावरून दिवसभर विमानं फिरायची. जवळच्या बिरसी विमानतळावरच्या शाळेतली पोरं विमान चालवायला शिकत, आणि शिकणारं विमान कुठे जात नाही. उठतं, गोल फिरतं, उतरतं, पुन्हा उठतं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. माझी मुलगी दोन वर्षांची झाली आणि मला मात्र त्या विमानांचा भलताच उपयोग सापडला.

ती जेवत नव्हती. निदान मी तसं गावभर सांगत होते. पांढरा भात, दूध आणि चहात बुडवलेलं बिस्कीट, बाकी सगळ्याला तोंड घट्ट. मग मी तिला वाटीसकट स्लॅबवर नेऊ लागले. विमान आलं की ती मान वर करी, तोंड आपोआप उघडं पडे, आणि मी घास आत सारी. दहा फेऱ्या, दहा घास. वरणाचा, वांग्याचा, कशाचाही. खाली येताना मी अशा तोऱ्यात येई की जणू विमान मीच चालवून आले. शेजारणीलाही मी ही युक्ती शिकवली, त्याची लाज आजही वाटते.

पावसाळ्यात ढग उतरले आणि विमानं बंद पडली. पोरीचं तोंडही बंद. आपण जेवतो म्हणजे काय करतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती वर बघत होती एवढंच. माझा स्वभाव मुळात तापट. पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी ओरडले, तिसऱ्या दिवशी तिचा जबडा धरून वरण-भाताचा घास कोंबला. तिने तो माझ्याच लुगड्यावर ओकला. वाईट त्याच्या पुढेच होतं. त्यानंतर माझ्या हातात वाटी दिसली की ती धानाच्या कोठीमागे जाऊन बसे. एरवी दिवसभर माझ्या पायांत घोटाळणारी पोर, जेवायच्या वेळी मला घाबरत होती. आणि भातात मी काही लपवलं असेल म्हणून आता पांढरा भातही आधी बोटांनी चाचपून बघायची.

सासूबाईंचा मार्ग वेगळा. "दोन घास खा, मंग तुले चाकलेट देतो," म्हणायच्या. पोरगी दोन घास गालात धरून चॉकलेट घ्यायची आणि घास अंगणात थुंकायची.

मी तिला अंगणवाडीत घेऊन गेले. अंगणवाडीच्या ताईंनी तिचं वजन केलं, उंची मोजली, तक्त्यावर टिंब काढलं. टिंब हिरव्या पट्ट्यात, मागच्या टिंबांच्या ओळीतच होतं. मला तर राग आला. एवढं रडून आले आणि ताईंचं म्हणणं पोर ठीक आहे!

"दिवसभर काय काय खाते?" त्यांनी विचारलं. मी सांगत गेले. सकाळी बिस्कीट, मग दूध, मग मुरमुरे, आजीकडून काहीतरी, पुन्हा दूध.

"मंग भूक कवा लागन तिले?" ताई म्हणाल्या. "हे पाय, काय वाढायचं, कवा वाढायचं, कुठं बसायचं, हे तुझ्याकडं. खायचं का नाही आन् किती, हे तिच्याकडं. ताटात तिच्या ओळखीचं एक काहीतरी ठेव. बाकीचं जरासं वाढ आन् गप्प राय. खाल्लं तं शाबासकी बी नको देऊ. पंधरा-पंधरा खेपा लागतेत लेकराले, नवीन भाजी ओळखीची व्हाले. वजन घसरलं, नाही तं गिळाले त्रास झाला, तं मात्र लगेच ये."

सांगायला काय जातंय, असं मनात म्हणत मी घरी आले.

खरं शिकले ते माहेरी, सालेकशाकडे. धानाची रोवणी आटोपली होती म्हणून पंधरा दिवस राहायला गेले होते. माझे वडील जेवायला बसले की कुणाच्या ताटात डोकावत नसत. पहिल्या दिवशी कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची भाजी होती. नातीच्या ताटात भात आणि कडेला बोटभर भाजी. ती भाजीकडे बघून ताट ढकलून बसली. माझा हात वळवळला.

"राहू दे बाई," बाबूजी म्हणाले. "भात आहे न ताटात? मंग उपाशी नाही ते."

"पण बाबूजी, भाजी..."

"तू कायले तिच्या तोंडाकडं पाहून राहिली? आपलं जेव न."

मी आपलं जेवले. ती चार घास भात खाऊन उठली, आणि कुणी काही म्हटलं नाही. दुपारी तिने बिस्कीट मागितलं. बाबूजी म्हणाले, "चार वाजता बसू आपुन." ती रडली. त्यांनी तिला रडू दिलं, पण उचलून घेऊन. रागावले नाहीत की बिस्कीटही दिलं नाही. चार वाजता त्यांनी केळं आणि फुटाणे काढले आणि दोघं ओट्यावर बसून खात राहिली.

रोज हेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने भाजीला बोट लावलं. मग एकदा वास घेतला. एकदा जिभेला लावून तोंड वाकडं केलं आणि भाजी परत ठेवायला जागा शोधू लागली. बाबूजींनी मुकाट्याने एक रिकामी वाटी सरकवली. त्या दिवसापासून ती वाटी तिच्या ताटाशेजारी असे. नाही आवडलं तर त्यात ठेवायचं, एवढंच. मला हसू येई आणि रागही येई. माझ्या लहानपणी हे इतके शहाणे नव्हते! मी तसं म्हटलंही. "तवा मले बी कुठं समजे," ते म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी तिने भाजीचा घास भातात कालवला आणि गिळला. माझ्या ओठांवर "शाब्बास" आलेलं. बाबूजींनी माझ्याकडे एकच नजर टाकली आणि मी पाणी प्यायले.

सासरी परतल्यावर मुरमुऱ्यांच्या डब्यावरून सासूबाईंशी महिनाभर धुसफूस झाली. शेवटी चारचा खाऊ त्यांच्या हाती सोपवला, तेव्हा त्या निवल्या. पोर सगळं खाऊ लागली असं नाही. कारलं ती आजही खात नाही, आणि आता तर ती नववीत आहे. पण कोठीमागे लपणं थांबलं. मी ताट वाढलं की येऊन बसायची. मला तेवढंच हवं होतं.

ती पाच वर्षांची असताना बाबूजी गेले. एकाएकी, शेतातून येऊन बसले आणि गेले. स्मशानातून माणसं परतल्यावर, घरात चूल पेटवायची नसते म्हणून, शेजारच्यांनी कडू घासाचं जेवण आणलं. मी भिंतीला टेकून बसले होते. काकूने घास माझ्या तोंडाशी धरला, "खा बाई, दोन घास तरी खा, रीत आहे." मी दात आवळले. आत्या माझी हनुवटी धरायला लागली.

गर्दीतून माझी पोर आली. काकूचा हात तिने बाजूला केला.

"तिले नोका भरवू. ताट ठेवा तिच्यापाशी. भूक लागन तं खाईन ते."

काकूने ताट माझ्यापुढे ठेवलं. पोरीने एक रिकामी वाटी शोधून आणली, माझ्या ताटाला लावून ठेवली, आणि शेजारी बसून आपला भात खाऊ लागली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने मी उठले, हात धुतले आणि ताटावर येऊन बसले.