उन्हातला लोकरी कोट

तंबूवाल्यांनी उभ्या आयुष्यात माणसासाठी एकही कपडा शिवला नाही. ट्रकांच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छतं, तंबू, होड्यांची आवरणं यांतच त्यांची हयात गेली. "माणसाच्या मापात नखरे फार," असं ते म्हणायचे. कारखाना सुटल्यावर बायको जाईपर्यंत त्यांनी मशीनला हातही लावला नव्हता.

बायकोच्या मागे घरात त्यांच्यासोबत दोघं उरली. एक मुलगी, तपासणीसाठी लोकांचं रक्त काढायचं काम करणारी, आणि दुसरा बटण. बटण म्हणजे बायकोचा लाडका कुत्रा. आखूड केसांचा, हडकुळा आणि आता म्हातारा. पहिल्याच थंडीत तो असा कुडकुडायला लागला की तंबूवाल्यांनी कपाटातली जुनी घोंगडी काढली आणि त्याला उभा करून मापं घेतली. मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठ, मग छातीचा घेर. घेरात दोन बोटं जातील एवढी जागा सोडली. पोटाखालचा पट्टा पुढेच थांबवला, नाहीतर मुतताना कोट भिजला असता. साखळीची कडी बाहेर यावी म्हणून पाठीवर काज केलं.

कोट बघून शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "आमच्या साहेबालाही एक शिवा ना." साहेब म्हणजे त्यांचा गुबगुबीत कुत्रा. मग चारी बाजूंनी माणसं यायला लागली. पावसासाठी ताडपत्रीच्या कापडाचे अंगरखे, गळ्याशी कॉलर आणि पाठीवर उतार, म्हणजे पाणी पोटाकडे न जाता बाजूने गळून पडेल. उन्हाळ्यासाठी जाड तळव्याचे बूट. बूट देताना ते प्रत्येकाला बजावायचे, "आधी घरात घालून फिरवा. घरी आलात की लगेच काढा, आत ओल राहिली तर पाय कुजतो." आणि फरसबंदीवर उलटा हात ठेवून दाखवायचे. "तुम्हाला धरवत नाही ना? मग त्याला का चालवता?"

मुलीला खटकलं ते पावसाळ्यात. मास्तरीणबाईंनी साहेबाचा नवा अंगरखा परत आणला. त्याला गळ्याची दोन भोकं होती, एक पुढे आणि एक शेपटीकडे.

"दोन्हीकडून घालता येईल," असं म्हणून मास्तरीणबाई हसल्या. तंबूवालेही हसले. मुलगी मात्र हसली नाही. त्या दिवशी बाबांनी अंगरखा उसवला, पुन्हा शिवला आणि पुन्हा दोन भोकं ठेवली.

"बाबा, डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"कशाला? चष्म्याचा नंबर वाढलाय."

तिने चष्मा बदलून आणला. चष्म्यावर ढकलणं सोयीचं होतं, त्यांना आणि तिलाही. पुढे ते नावं विसरायला लागले, गॅस चालू ठेवून झोपायला लागले. सुट्टी मिळाली की दाखवू, असं ती म्हणत राहिली. सुट्टी मिळायची आणि धुणीभांड्यांत संपायची. एवढं मात्र तिने ठरवून दिलं होतं की ऊन उतरल्याशिवाय बटणाला खाली न्यायचं नाही.

त्या वर्षी उन्हाळा वाईट होता. दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. तंबूवाले जेवून पंख्याखाली झोपले होते. जाग आली तेव्हा पडदे ओढलेले, खोलीत अंधार आणि पंख्याच्या वाऱ्याने अंग गार पडलेलं. त्यांना पहाट वाटली, थंडीतली पहाट. त्यांनी स्वेटर चढवला. दाराजवळच्या खुंटीवरून लोकरी कोट काढून बटणाला घातला, पट्टा नीट आवळला. थंडीत बुटांचं काय काम? बूट खुंटीवरच राहिले. साखळी दिसताच बटण शेपूट हलवत पुढे निघाला. मालकाने म्हटलं की चालायचं, एवढंच त्याला ठाऊक.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा फोन आला तेव्हा मुलगी कुणाच्या तरी दंडाला पट्टी बांधत होती.

"ताई, लगेच या. तुमचे बाबा बस थांब्यापाशी बसलेत. कुत्रा पडलाय आणि ते त्याला हात लावू देत नाहीयेत."

ती पोचली तेव्हा बटण फरसबंदीवर आडवा होता. जीभ बाहेर, हिरड्या लालभडक, तोंडाला चिकट फेस, धाप थांबत नव्हती. पाय थरथरत होते. तंबूवाले त्याच्याशेजारी मांडी घालून बसले होते, घामाने निथळत, आणि कोटाची कॉलर त्याच्या मानेभोवती गच्च धरून होते. औषधवाला पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभा होता.

"मी म्हटलं काढा, तर मला मारायला उठले," तो हळूच म्हणाला.

"बाबा, कोट सोडा."

"वेडी आहेस का? थंडी वाजतेय त्याला. बघ कसा कापतोय."

तिने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. जन्मभर जाड सुई ओढलेली ती बोटं, त्यांत जोर अजून तेवढाच होता. पट्टा ओढून काढला, कुत्र्याला सावलीत नेलं, पोटावर आणि पायांवर पाणी ओतलं. पंजा हातात घेतला तेव्हा तळव्याचं काळं कातडं सुटून तिच्या बोटांना चिकटलं. खालचं मांस लाल होतं. म्हणजे तो बराच वेळ चालला होता. एकदाही अडून बसला नसावा.

औषधवाल्याने रिक्षा थांबवली. बाबाही आत बसले आणि म्हणत राहिले, "भिजवू नकोस गं त्याला. तुझ्या आईला काय सांगू?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पंखा लावला, सलाइन लावली, पंजे धुऊन बांधले. "पाय बरे झाले असते," त्या म्हणाल्या. 'असते' हा शब्द मुलीच्या कानांत राहिला. "पण आतून तापलंय शरीर. मूत्रपिंडं काम करत नाहीयेत. वय झालंय त्याचं. आशा धरू नका."

दुसऱ्या दिवशी बटण गेला.

तिने बाबांना खरं सांगितलं. ते ढसाढसा रडले. "कुणी मारलं त्याला?" संध्याकाळी साखळी हातात घेऊन ते पुन्हा दाराशी उभे राहिले. "बटण कुठाय?" तिने पुन्हा सांगितलं, आणि ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे पुन्हा रडले. मग तिने खरं सांगणं सोडलं. "डॉक्टरांकडे आहे," एवढंच म्हणायला लागली. खोटं बोलायला तिला त्रास झाला नाही. त्रास याचा झाला की त्यांनी ते लगेच मानलं.

माणसांच्या डॉक्टरांनीही शेवटी बाबांना तपासलं. गोळ्या दिल्या आणि सांगितलं की यातून मागे येणं नाही, सावकाश पुढेच जाणं आहे. तिने दाराला वरून कडी बसवली आणि कामाचे तास कमी करून घेतले. खुंट्या रिकाम्या केल्या. कोट कुणाला द्यायला हात धजला नाही, म्हणून कचऱ्यात टाकला.

मशीन चालत राहिलं. तंबूवाले ताडपत्रीचे तुकडे जोडत बसायचे. त्यांतून तयार व्हायचं ते कुठल्याच जनावराला घालता आलं नसतं. गिऱ्हाइकं हळूहळू यायची बंद झाली. मास्तरीणबाई तेवढ्या एकदा साहेबाला घेऊन वर आल्या.

"याला पावसाळी अंगरखा हवाय."

मुलीने डोळ्यांनीच नको म्हटलं. त्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

तंबूवाल्यांनी टेप काढला. पाठीची लांबी घेतली, छातीचा घेर घेतला, दोन बोटं घालून पाहिली. हात अगदी पूर्वीसारखे चालले. साहेब गुमान उभा राहिला. ते त्याच्या कानामागे खाजवत म्हणाले, "फार सुटलास रे बटणा. तिकडे खायला बरं घालतात वाटतं."

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाशी नेला. "उद्या येते न्यायला," असं म्हणून कुत्र्याला घेऊन त्या भरभर जिना उतरल्या.

मुलीने दार लावलं आणि वरची कडी सरकवली. वळली तेव्हा बाबा टेप हातात धरून खोलीच्या मधोमध उभे होते.

"कुणाचं माप घेत होतो गं मी?"